इमारत वापरयोग्य पूर्ण झाल्याचा दाखला

दाखला क्र. ३, दि. ३० मे २०२४

काम : माध्यमिक विद्यालयाची नवी दुमजली इमारत, सहा वर्गखोल्या व स्वच्छतागृहे, ता. वाई, जि. सातारा
करार : दि. ६ जानेवारी २०२३, किंमत रु. १,८६,४०,०००
प्रति : ठेकेदार. प्रत : शिक्षण संस्थेचे सचिव.

मंगळवार, दि. २८ मे २०२४ रोजी संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक आणि ठेकेदारांचे साइट इंजिनिअर यांच्यासह मी इमारतीची खोलीवार पाहणी केली. खाली नोंदवलेली किरकोळ कामे वगळता काम करार व नकाशांप्रमाणे झाले असून १५ जूनला तेथे वर्ग भरवता येतील. त्यामुळे करारातील कलम १७ नुसार हे काम २८ मे २०२४ रोजी वापरयोग्य पूर्ण झाले, असे मी प्रमाणित करतो.

हा दाखला ११ मे रोजीच मागितला होता. त्या दिवशी गच्चीवर पाणी साठवून घेतलेल्या चाचणीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या छताला, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, दोन ठिकाणी ओल आली. गळकी गच्ची मी किरकोळ कामांच्या यादीत घालत नाही, म्हणून दाखला रोखला. ठेकेदारांनी पाइपाभोवतीचा कोबा उकरून वॉटरप्रूफिंग नव्याने केले. २२ ते २५ मे या ७२ तासांच्या दुसऱ्या चाचणीत छत कोरडे राहिले. रॅम्पचा कठडाही पाहणीपूर्वी बसवून घेतला आहे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलांसाठी तो पहिल्या दिवसापासून हवा.

शिल्लक किरकोळ कामे

१. खोली क्र. ५, पश्चिमेच्या तिन्ही खिडक्या : चौकट व भिंत यांमधील फट सीलंटने भरणे, छज्ज्याखाली पाणी तोडणारी खाच काढणे. पावसाचा मारा याच बाजूने असतो, म्हणून मुदत ५ जून.

२. मुलींचे स्वच्छतागृह, तळमजला : दुसऱ्या शौचकूपासमोर पाणी साचते. तेथील सुमारे ३ चौ.मी. फरशी काढून, जाळीकडे उतार देऊन पुन्हा बसवणे. नुसते सांधे भरलेले चालणार नाही. पाणी ओतून ते पूर्ण वाहून जाते का, हे मी स्वतः पाहीन. मुदत १२ जून.

३. पाच स्विचबोर्डांची झाकणे बसवणे, मुख्य पॅनेलवर प्रत्येक एमसीबीचे नाव लिहिणे. उघडी वायर मुलांच्या हाताला लागता कामा नये. मुदत ५ जून.

४. जिन्यातील चार कोटा पायऱ्यांच्या कडा उडाल्या आहेत, त्या बदलणे. मुदत १२ जून.

५. खोली क्र. ३ चे दार घासते. रंधून पॉलिश करणे. पहिल्या मजल्यावरील व्हरांड्याच्या तुळयांना रंगाचा शेवटचा हात देणे.

६. अंगणातील खचलेले १८ चौ.मी. पेव्हर ब्लॉक काढून बेड दाबून पुन्हा लावणे. मिक्सरच्या जागेचे सांडलेले काँक्रीट व राडारोडा हलवणे.

७. प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची १० वर्षांची हमी दोन प्रतींत देणे.

वेगळी मुदत न दिलेली सर्व कामे ३१ मे ते २७ जून २०२४ या २८ दिवसांत उरकावीत. शाळा सुरू झाल्यावर आवाजाचे व धुळीचे काम फक्त रविवारी किंवा संध्याकाळी ५ नंतर करावे. मजुरांनी मागच्या फाटकानेच ये-जा करावी. २८ जून रोजी सकाळी १० वाजता फेरपाहणी होईल. तोवर राहिलेले काम, सात दिवसांची लेखी सूचना देऊन, संस्था दुसऱ्याकडून करून घेईल व खर्च राखीव रकमेतून वळता करील.

रक्कम : ५ टक्क्यांनी राखलेल्या रु. ९,३२,००० पैकी निम्मे, म्हणजे रु. ४,६६,००० आता देय होतात. शिल्लक कामांचा अंदाजे खर्च रु. १,४८,००० आहे, कलम १८ नुसार त्याची दीडपट, रु. २,२२,०००, फेरपाहणीपर्यंत रोखली आहे. वाढीव मुदत १५ मे रोजी संपली, त्यापुढील १३ दिवसांचा विलंब दंड रोज रु. ५,००० प्रमाणे रु. ६५,००० होतो. तो वजा जाता ठेकेदारांना आता रु. १,७९,००० द्यावेत. २८ मेनंतर विलंब दंड लागणार नाही.

दोषदायित्व कालावधी २८ मे २०२४ ते २७ मे २०२५ असा बारा महिन्यांचा राहील. यादीत नाही म्हणून एखादा दोष माफ झाला, असा अर्थ कोणी काढू नये. या काळात दिसणारा सदोष कामाचा प्रत्येक दोष ठेकेदारांनी स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे.

इमारतीच्या २२ किल्ल्या मुख्याध्यापकांना पोचल्या आहेत. २८ मेपासून राखण व विमा संस्थेकडे आहे. हा दाखला करारापुरता आहे. नियोजन प्राधिकरणाचा भोगवटा दाखला वेगळा असून तो हाती आल्याशिवाय वर्ग भरवू नयेत.

(सही व शिक्का)
प्रकल्प वास्तुविशारद, वाई