कपड्यांखाली ठेवलेलं पत्र

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हाती लागेल तेव्हा तुला हॉस्टेलवर सोडून मी परतीच्या वाटेवर असेन. मुद्दामच कपड्यांखाली ठेवलंय. तुझ्यासमोर बोलायला गेलो असतो तर गळा दाटून आला असता, आणि मग मी नेहमीसारखा कुलूप-किल्लीच्या सूचना देत बसलो असतो.

आठवीतली ती गणिताची उत्तरपत्रिका आठवते? आठ दिवस तू ती गादीखाली दडवून ठेवली होतीस. सापडली तेव्हा मी मार्कांवरून तुला नको नको ते बोललो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. माझं पोर आठ दिवस त्याच गादीवर धास्तावून झोपत होतं आणि शेजारच्या खोलीत असून मला पत्ता नव्हता, हे जास्त लागलं होतं. त्याबद्दल तुझी माफी मागायची राहूनच गेली. आज मागतो.

आता तर मी शेजारच्या खोलीतही नसेन. तेव्हा एवढं ऐक. पेपर अवघड गेला, पैसे हरवले, तुझ्या हातून काही चुकलं, काहीही झालं तरी पहिला फोन मला कर. रात्रीचे 2 वाजलेले असोत. मी आधी ऐकून घेईन. रागवायचंच झालं तर ते नंतर, तू घरी आल्यावर. मोठ्या मुलांनी त्रास दिला तर ‘हॉस्टेलवर हे चालायचंच’ असं कुणीतरी तुला सांगेल. चालायचं नाही. त्याच दिवशी रेक्टरांना सांग आणि मलाही सांग.

मी हॉस्टेलवर असताना एकदा 4 दिवस ताप अंगावर काढला, घरचे काळजी करतील म्हणून. शेवटी खोलीतल्या मित्राने दंडाला धरून दवाखान्यात नेलं. तू असं करू नकोस. औषधांच्या डबीत पॅरासिटामॉल आहे, दोन गोळ्यांमध्ये निदान 6 तास जाऊ दे. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर थेट डॉक्टर गाठ.

पहिले काही दिवस जड जातील. विशेषतः संध्याकाळी. रडू आलं तर येऊ दे, मलाही यायचं. आईला फोन केलास की नुसतं ‘ठीक आहे’ म्हणून ठेवू नकोस. काय जेवलास, शेजारच्या कॉटवर कोण आहे, खिडकीतून काय दिसतं, असं सगळं सांग. तिला तेच हवं असतं.

तुझ्या निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण लोंबत होतं. काल तू झोपल्यावर मी ते शिवून टाकलं. सुईदोरा बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे.

तुझा,
बाबा