प्रस्ताव, भाग 4: पैसे कधी, किती आणि कशाचे

विलेपार्ले पूर्व येथील दंतचिकित्सालयाचे अंतर्गत काम, 520 चौरस फूट कार्पेट
तारीख: 12 ऑगस्ट 2025

डॉक्टर मॅडम,

जागेवर भेटलो तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘अर्धे आधी, अर्धे शेवटी, असं का नाही?’ ते आमच्यासाठी सोपं आहे, पण तुमच्या सोयीचं नाही. तसं केलं तर काम पाव भाग झालेलं असताना तुमचे अर्धे पैसे आमच्याकडे अडकतात. म्हणून रक्कम पाच हप्त्यांत विभागली आहे. पहिला हप्ता सोडला तर प्रत्येक हप्ता जागेवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल अशा कामाला बांधलेला आहे.

कामाची रक्कम 9,60,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,72,800, म्हणजे एकूण 11,32,800 रुपये. दवाखान्याची सेवा जीएसटीमुक्त असल्यामुळे या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. तेव्हा बँकेशी बोलताना मोठा आकडाच धरा. खालचे हप्ते कर सोडून लिहिले आहेत, कर प्रत्येक बिलात वेगळा दाखवू.

पहिला हप्ता: आगाऊ रक्कम, 30 टक्के, 2,88,000 रुपये. 25 ऑगस्टपर्यंत.

यातले 1,62,000 प्लायवूड, लॅमिनेट आणि बिजागऱ्या-चॅनेलला जातील, 58,000 वायर आणि पाइपला, 40,000 नकाशे आणि थ्रीडी चित्रांना, आणि 28,000 पहिल्या आठवड्याच्या मजुरीला. बेसिन आणि निर्जंतुकीकरणाच्या कोपऱ्यात आम्ही आयएस 710 दर्जाचं प्लायवूड वापरतो. पाण्याजवळ साधं प्लाय फुगतं आणि वर्षभरात दरवाजे लागेनासे होतात. या मालाचं दुकान आम्हाला उधारी देत नाही. खरेदीच्या बिलांच्या प्रती तुम्हाला मिळतील.

तारीख 25 ऑगस्ट ठेवण्याचं कारण म्हणजे 27 तारखेला गणपती बसतात. त्यानंतर दहा-अकरा दिवस बाजारातून माल उचलणं आणि टेम्पो मिळवणं, दोन्हीची रडारड असते. आगाऊ रक्कम वेळेत आली तर माल आधीच गोदामात येऊन पडतो आणि विसर्जन झालं की सोमवारी, 8 सप्टेंबरला, जागेवर पहिला हातोडा पडतो.

मध्येच बेत बदलला तर: माल घेतलेला नसेल तर नकाशांचे 40,000 वजा करून बाकी सगळे परत. माल घेतला असेल तर तो तुमचा, उरलेले पैसे सात दिवसांत तुमच्या खात्यात.

दुसरा हप्ता: 25 टक्के, 2,40,000 रुपये. अंदाजे 20 सप्टेंबर.

दोन्ही खुर्च्यांखालची पाण्याची, सांडपाण्याची, हवेची आणि सक्शनची लाइन टाकून झाली, भिंतींत झिऱ्या मारून वायरिंगचे पाइप बसले, की हे बिल निघेल. पण जमीन आणि भिंती बंद करण्याआधी. तुम्ही किंवा तुमचा खुर्चीवाला इंजिनिअर येऊन पाण्याचा दाब आणि पाइपची जागा तपासा, टेप लावून फोटो काढा. एकदा टाइल बसली की चार इंच सरकलेल्या पाइपसाठी फरशी फोडावी लागते. हे आम्ही एकदा स्वतःच्या खर्चाने केलं आहे, आता पुन्हा नको. म्हणून तुमचा होकार मिळाल्यावरच जमीन बंद करू.

तिसरा हप्ता: 25 टक्के, 2,40,000 रुपये. अंदाजे 4 ऑक्टोबर.

फर्निचरचे सांगाडे जागेवर उभे राहिले आणि छताची फ्रेम झाली की. लॅमिनेट लागायचं असतं, त्यामुळे आतलं प्लाय उघडं दिसतं आणि छाप तपासता येते.

चौथा हप्ता: 15 टक्के, 1,44,000 रुपये. 17 ऑक्टोबर, चाव्या देताना. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, म्हणजे धन्वंतरीचा दिवस. त्या दिवशी दवाखान्यात पूजा व्हावी असं तुम्ही म्हणाला होतात, त्यावरूनच सगळं वेळापत्रक मागे मोजत आलो आहोत.

पाचवा हप्ता: 5 टक्के, 48,000 रुपये. 16 डिसेंबरला, म्हणजे ताबा दिल्यापासून 60 दिवसांनी. तोवर ही रक्कम तुमच्याकडेच राहील. ड्रॉवर अडकला, लॅमिनेटची कड सुटली, नळ गळला, तर ते दुरुस्त करूनच आम्ही ती मागू.

बिल आल्यानंतर

आगाऊ रकमेची तारीख वर ठरलेलीच आहे. पुढच्या प्रत्येक बिलासाठी सात दिवस. एनईएफटी, आरटीजीएस किंवा चेक चालेल. चेक असेल तर वटल्याचा दिवस धरू. रोख नको: दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने आम्हाला बंद आहे आणि छोट्या रकमांनाही पावतीचा घोळ होतो. टीडीएस कापणं तुम्हाला लागू होत असेल तर कापा, फक्त प्रमाणपत्र द्या. ती रक्कम कमी भरली असं धरणार नाही.

सात दिवसांनंतर आणखी तीन दिवस आम्ही काहीच म्हणणार नाही. सही राहते, बँकेला सुट्टी असते. अकराव्या दिवसापासून थकलेल्या मूळ रकमेवर महिन्याला दीड टक्का, दिवसांच्या हिशेबाने. 2,40,000 चं बिल थकलं तर हे दिवसाला 120 रुपये होतात, त्यावर जीएसटी. व्याजावर व्याज नाही. आम्हाला यातून कमवायचं नाही. पण सुतारांना दर शनिवारी पैसे द्यावेच लागतात, आणि बिल थकलं की ते आम्हाला बाहेरून उचलून द्यावे लागतात.

बिल निघाल्यापासून 25 दिवस उलटूनही पैसे आले नाहीत तर काम थांबवू. थांबवण्याआधी तीन दिवस फोन करून सांगू. मात्र एकदा कारागीर दुसऱ्या साइटवर गेले की परत आणायला आठवडा जातो, आणि दिवाळी तोंडावर असताना ते थेट गावाची गाडी पकडतात. मग 17 ऑक्टोबरची तारीख आमच्याही हातात राहत नाही.

कामाच्या एखाद्या भागावर आक्षेप असेल तर बिल मिळाल्यापासून चार दिवसांत व्हॉट्सॲपवर लिहा. तेवढ्याच भागाचे पैसे थांबवा, बाकीचे सोडा. वादातल्या रकमेवर तोडगा निघेपर्यंत लेट फी लागणार नाही.

आणि नियम दोन्ही बाजूंना सारखा. आमच्यामुळे चाव्या द्यायला उशीर झाला तर दर दिवसाला 1,000 रुपये चौथ्या बिलातून वजा करा, जास्तीत जास्त 48,000 पर्यंत. सोसायटीने काम थांबवलं, तुमच्याकडून खुर्ची उशिरा आली किंवा हप्ता थकला, तर ते दिवस यात धरायचे नाहीत.

नवं काही सुचलं, उदाहरणार्थ रिसेप्शनमागचं ते शेल्फ, तर आधी दर लिहून पाठवू. तुमचा लेखी होकार आला तरच ते करू आणि पुढच्या बिलात जोडू.

हे दर 25 ऑगस्टपर्यंत कायम आहेत. पटलं तर या ईमेलला ‘मान्य’ एवढंच उत्तर पाठवा, त्याच दिवशी आगाऊ रकमेचं मागणीपत्र खात्याच्या तपशिलासह येईल. एखादं कलम खटकलं तर त्याआधी फोन करा. रविवारी सकाळी मी पार्ल्यातच असतो, जागेवर बसून बोलू.