रस्ता रुंदीकरणात बारव वाचवण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : 9 जून 2025

प्रति,
मा. प्रशासक तथा मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद कार्यालय

अर्जदार : बारव गल्ली व परिसरातील रहिवासी संघ

विषय : बसस्थानक ते वेशीपर्यंतच्या रस्त्याचे 9 मीटरवरून 18 मीटर रुंदीकरण करताना बारव गल्लीच्या तोंडाशी असलेली जुनी दगडी बारव न बुजवता, न तोडता जतन करण्याबाबत.

संदर्भ : दिनांक 3 जून 2025 रोजी आपल्या बांधकाम विभागाने जागेवर केलेले रेषांकन.

महोदय,

मागच्या मंगळवारी आपल्या विभागाच्या माणसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या खुणा केल्या. त्यांतली एक खूण बारवेच्या नवव्या पायरीवर आहे. त्या खुणेमुळेच हा अर्ज करत आहोत.

आमचा रुंदीकरणाला विरोध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. वेशीजवळ एसटी आणि उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली समोरासमोर आली की अर्धा अर्धा तास कोणी हलत नाही. गेल्या हंगामात त्यात रुग्णवाहिकाही अडकली होती. या रेषांकनात आमच्या संघातल्या अकरा घरांचे ओटे आणि दोन दुकानांच्या पत्र्याच्या पडव्या जातात. त्याबद्दल आमची हरकत नाही आणि तसे त्या तेराही जणांनी सह्यांनिशी लिहून दिले आहे. त्यामुळे हा अर्ज कोणाचा ओटा वाचवण्यासाठी आहे, असा समज कृपया होऊ नये.

अडचण नकाशात आहे. आपल्या कार्यालयात दाखवलेल्या आराखड्यात या जागी एक लहानसे वर्तुळ असून शेजारी ‘विहीर’ एवढेच लिहिले आहे. आखीव पत्रिकेवरही ‘सरकारी विहीर’ अशीच नोंद आहे. साध्या विहिरीला तोंड असते, ते मोजले की काम संपते. बारवेचे तसे नसते. तिचे पाण्याचे कुंड रस्त्यापासून बरेच आत, पश्चिमेला आहे. कुंडाकडे उतरणारा जिना मात्र रस्त्याच्या बाजूने सुरू होतो. जिन्याच्या वरच्या अंगाला बाभळी आणि टपऱ्या असल्यामुळे मोजणीच्या वेळी तो दिसला नसावा. आम्ही टेपने मोजमाप केले. कुंड साधारण 11 मीटर चौरस आहे. जिन्याला 38 पायऱ्या आहेत, रुंदी सुमारे अडीच मीटर आणि आडवी लांबी मधल्या थांब्यासह 14 मीटर. पहिली पायरी आजच्या डांबराच्या कडेपासून फक्त 1.2 मीटरवर आहे. रस्ता मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखा, म्हणजे साडेचार-साडेचार मीटर वाढवला, तर वरच्या नऊ पायऱ्या आणि प्रवेशाचे दोन्ही दगडी कठडे रस्त्याखाली जातात. गटारासाठी खोदल्यावर आणखी दोन-तीन पायऱ्या जातील.

बैठकीत एका अधिकाऱ्यांनी ‘कुंडाला हात लागत नाही, मग बारव गेली कशी?’ असे विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. उतरण्याची वाट नसलेली बारव म्हणजे अकरा मीटर रुंद खड्डा. तिथे ना कोणी गाळ काढायला उतरू शकेल, ना पाण्याला. दोन पावसाळे गेले की कडेची झाडे वाढतील, कचरा पडेल, एखादे जनावर आत पडेल. मग ‘धोकादायक विहीर’ म्हणून ती मुरूम टाकून बुजवण्याचा प्रस्ताव याच कार्यालयात येईल आणि तेव्हा आम्हालाही ‘नको’ म्हणणे जड जाईल. आपल्या जिल्ह्यात कितीतरी विहिरी याच क्रमाने गेल्या.

दुसरी गोष्ट रस्त्याच्याच हिताची आहे. या बारवेचे दगड चुना न वापरता एकमेकांत बसवलेले आहेत. तिच्या जिन्याच्या पोकळीत भराव टाकून वर डांबर केले, तर तो भराव पाण्यावर बसेल. वरच्या आळीचे पावसाचे पाणी जमिनीतून याच बाजूला झिरपत येते, ते येतच राहील. भराव खचला की रस्ता खचेल आणि तोही नेमका बसच्या चाकाखाली. शिवाय कंप देणारा रोलर इतक्या जवळून फिरला, तर सुट्या सांध्यांच्या भिंतीचे काय होईल, हे आपल्या अभियंत्यांना आम्ही सांगायला नको.

बारवेबद्दल थोडे. गावात कोणी तिला अहिल्याबाईंची म्हणते, कोणी हेमाडपंती. आम्ही यातला कोणताही दावा करत नाही, काळ ठरवणे पुरातत्त्व खात्याचे काम. जे डोळ्यांना दिसते तेवढेच लिहितो. एकाच बाजूने प्रवेश असलेल्या बारवेला शिल्पग्रंथांत ‘नंदा’ म्हणतात. दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चार प्रवेशांची विजया. आपली नंदा आहे. जिन्याच्या दोन्ही अंगांना देवळ्या आहेत. त्यांतल्या एकीत गणपती आहे, दुसऱ्या एकीतली मूर्ती इतकी झिजली आहे की आयाबाया तिला नुसतीच ‘बारवेतली आई’ म्हणतात. नव्या नवरीला अजूनही तिच्या पाया पडायला नेतात. उत्तरेच्या काठावर मोटेचे थारोळे शाबूत आहे आणि दोर घासून दगडाला पडलेल्या खाचांमध्ये बोट आत जाते. मराठवाड्यात अशा बारवा गावोगावी होत्या. आपल्याच जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव पाहायला आज लांबून लोक येतात. साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे, तीही लोक गाडी करून पाहायला जातात. शंभराच्या नोटेच्या मागे जे चित्र आहे ते गुजरातेतल्या पाटणच्या राणी की वावचे, म्हणजे बारवेचेच. युनेस्कोने 2014 साली तिला जागतिक वारसा यादीत घेतले. आपली बारव तेवढी देखणी नाही. पण आपल्या गावात एवढे जुने आणि अजून वापरात असलेले बांधकाम दुसरे नाही.

वापरात आहे, हे मुद्दाम लिहिले. 1972 च्या दुष्काळात या गल्लीने हिच्यातले पाणी प्याले, असे आमच्यातली पंच्याहत्तरी ओलांडलेली माणसे सांगतात. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर आठवड्यातून एकदा यायचा. प्यायला टँकरचे आणि धुण्याभांड्याला बारवेचे, असे आम्ही दोन महिने काढले. यंदा पाऊस मेमध्येच आला, म्हणून ते दिवस विसरायला झाले आहेत एवढेच.

यात आमची चूकही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नळ आल्यानंतर वीस-पंचवीस वर्षे आम्हीच या बारवेत निर्माल्य, थर्माकोल आणि गाद्यांचा कापूस टाकला. 2023 च्या उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरांनी लाज वाटून सहा रविवार श्रमदान केले आणि चाळीस ट्रॉल्या गाळ-कचरा बाहेर काढला. त्या वेळी ट्रॉल्या नगरपरिषदेनेच दिल्या होत्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तेव्हापासून कचरा बंद आहे. यंदा 26 फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, सगळ्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या होत्या. आपल्या आरोग्य विभागाचे कर्मचारीही आले होते.

कायद्याच्या बाजूने एवढेच. ही बारव संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. त्यामुळे केंद्र संरक्षित स्मारकाभोवती असलेली 100 मीटरची बांधकामबंदी इथे लागू होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 22 मध्ये विकास योजनेत ज्या बाबी याव्यात असे म्हटले आहे, त्यांत ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचे जतन आहे आणि कलम 37 खाली मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो. हिंचलाल तिवारी विरुद्ध कमला देवी (2001) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक तळी व पाणवठे राखणे हे शासनयंत्रणेचे कर्तव्य मानले आहे. कोर्टकचेरी करण्याची आमची इच्छा नाही. फाइलवर टिपणी लिहिताना उपयोग व्हावा म्हणून हे नमूद केले.

आता मार्ग. बारवेच्या समोर, रस्त्याच्या पूर्वेला, बंद पडलेला जकात नाका आणि त्यामागची मोकळी जागा आहे. ती नगरपरिषदेचीच आहे आणि तिची खोली रस्त्यापासून सुमारे 12 मीटर आहे. बारवेसमोरच्या साधारण 90 मीटर लांबीत रस्त्याची मध्यरेषा पूर्वेकडे 5 मीटर सरकवली, तर पश्चिमेकडची नवी कड आजच्या कडेच्या अर्धा मीटर अलीकडेच राहते. पायऱ्या वाचतात, गटारालाही जागा उरते आणि रस्त्याची पूर्ण 18 मीटर रुंदी मिळते. कोणाचीही खासगी जमीन घ्यावी लागत नाही. नाक्याची खोली पाडावी लागेल. तिचे छप्पर 2019 पासून नाही आणि रात्री तिथे काय चालते, ते आपल्यालाही माहीत आहे. विजेचे दोन खांब हलवावे लागतील, पण ते कोणत्याही आराखड्यात हलवावेच लागणार आहेत. वळण किती अंतरापासून घ्यायचे, हे अर्थात आपल्या अभियंत्यांनी ठरवावे.

म्हणून आमची विनंती अशी की आपण स्वतः किंवा नगर अभियंत्यांनी येत्या आठवड्यात आमच्यासोबत जागेची संयुक्त पाहणी करावी. त्या वेळी भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणीदार असावा आणि जिन्यासह संपूर्ण बारवेची नोंद नकाशावर घ्यावी. पाहणी होऊन मध्यरेषेचा निर्णय होईपर्यंत बारवेपासून 15 मीटरच्या आत खोदाई, भराव किंवा रोलरचे काम करू नये, असे ठेकेदारास लेखी कळवावे. बाकीच्या लांबीत काम थांबवण्याची गरज नाही. तसेच बारवेची पाहणी करून तिचे महत्त्व ठरवावे, असे पत्र आपल्या कार्यालयामार्फत पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नांदेड येथील सहायक संचालकांना जावे. आमच्या पत्रापेक्षा आपल्या पत्राला वजन आहे.

काठाला लोखंडी कठडा बसवण्याची मागणी आम्ही यापूर्वी दोनदा केली आहे. रस्ता रुंद झाल्यावर वाहनांचा वेग वाढेल, तेव्हा तो कठडा याच कामात धरावा. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, गाळ काढण्याची आणि रोजच्या झाडलोटीची जबाबदारी संघ घेतो. तसा ठराव 8 जूनच्या सभेत झाला असून प्रत जोडली आहे.

पहिला मोठा पाऊस झाला की कुंडाची पातळी वर येते आणि खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. त्याआधी पाहणी झाली, तर मोजमाप पूर्ण होईल. पाहणीचा दिवस आणि वेळ दोन दिवस आधी कळवल्यास आम्ही जिना झाडून, बाभळी छाटून ठेवू.

कळावे,

आपले विश्वासू,

सही/-
अध्यक्ष

सही/-
सचिव

बारव गल्ली व परिसरातील रहिवासी संघ
(सोबत 214 रहिवाशांच्या सह्या)

सहपत्रे : बारवेचे हाताने काढलेले मापांसह रेखाचित्र, लाल खुणेसह 12 छायाचित्रे, आखीव पत्रिकेची प्रत, तेरा मिळकतधारकांची संमतीपत्रे, 8 जूनच्या सभेचा ठराव.

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, परभणी.