प्रश्न ४. राजकीय प्रतिनिधित्वातील स्त्री-पुरुष तफावत स्पष्ट करा व महिलांसाठी राखीव जागांची आवश्यकता उदाहरणांसह पटवून द्या. (१० गुण)

उत्तर :

स्वतंत्र भारतात स्त्रियांना मताधिकारासाठी वेगळी वाट पाहावी लागली नाही. संविधानाने तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच पुरुषांच्या बरोबरीने दिला. आज मतदानात स्त्रिया मागेही नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांचे मतदान ६५.७८ टक्के, तर पुरुषांचे ६५.५५ टक्के होते. तरीही ५४३ पैकी केवळ ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे १३.६ टक्के. २०१९ मध्ये ही संख्या ७८ होती. महाराष्ट्रातून २०२४ मध्ये ४८ पैकी ७ महिला खासदार झाल्या. तफावत मतदान केंद्रावर नाही, सभागृहात आहे.

मग स्त्रिया गळतात कुठे? उमेदवारीच्या टप्प्यावर. २०२४ मध्ये लोकसभेच्या एकूण उमेदवारांत महिला जेमतेम दहा टक्के, सुमारे ८०० होत्या. त्यांतल्या ७४, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक जिंकल्या. पुरुष उमेदवारांत हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे ‘बाईला तिकीट दिले की जागा पडते’ या समजुतीला आकडेवारीचा आधार मिळत नाही. तिकीटवाटपात निवडून येण्याची क्षमता पाहिली जाते, पण ती मोजताना पैसा, मनुष्यबळ, पक्षातील जुने संबंध आणि रात्री-अपरात्री बैठकांना हजर राहण्याची मोकळीक हेच धरले जाते. घरकाम व मुलांची जबाबदारी बहुतांशी स्त्रीवर असल्याने या मोजमापात ती आधीच मागे पडते. शिवाय विद्यमान आमदार-खासदारांना पुन्हा उमेदवारी देण्याकडे कल असतो आणि ते बहुसंख्य पुरुषच असतात. म्हणून ही तफावत नुसता काळ लोटल्याने भरून निघत नाही.

पक्षांना आवाहन करणे आणि जागा राखीव ठेवणे यांत मोठा फरक आहे. उमेदवारीत वाटा देण्याचे पक्षाने कबूल केले, तरी तो हरणाऱ्या जागा महिलांना देऊ शकतो. मतदारसंघच राखीव असेल, तर सर्व पक्षांचे उमेदवार महिलाच असतात आणि निवड मतदारच करतात.

याचा अनुभव आपल्याला आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायती व नगरपालिकांत किमान एक-तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींच्या अभ्यासात राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो या संशोधकांना आढळले, की सरपंचपद महिलांसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक गुंतवणूक झाली. स्त्रियांच्या तक्रारीही प्रामुख्याने पाण्याच्याच होत्या. कोणती गावे राखीव हे यादृच्छिक पद्धतीने ठरले असल्याने हा फरक आरक्षणामुळेच पडला, असे म्हणता येते. हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, कारण निर्णय घेणारी व्यक्ती बदलली की खर्चाचा प्राधान्यक्रमही बदलतो, हे त्यातून दिसते.

आक्षेपांपैकी ‘सरपंचपती’चा आक्षेप खरा आहे. सही पत्नीची आणि कारभार पतीचा, असे अनेक ठिकाणी घडते. पण त्याची कारणे हाताळता येतात: पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याला अंदाजपत्रक, ठराव व इतिवृत्त यांचे पुरेसे प्रशिक्षण मिळत नाही, ग्रामसेवक पतीशीच बोलतो, आणि पुढच्या निवडणुकीत तेच पद खुले झाले की तिचा अनुभव वाया जातो. प्रशिक्षण सक्तीचे करावे, बैठकीत नातेवाइकांना बसू देऊ नये आणि एकच जागा सलग दोन मुदतींसाठी राखीव ठेवावी. ‘गुणवत्ता घसरेल’ हा आक्षेप मात्र टिकत नाही. खुल्या जागेवरील उमेदवाराची गुणवत्ता कोणतीही परीक्षा घेऊन ठरत नाही.

संसदेसाठीचे विधेयक १९९६ मध्ये प्रथम मांडले गेले, २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर होऊनही लोकसभेत अडले. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश आरक्षण १५ वर्षांसाठी मान्य झाले. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तितकाच वाटा महिलांचा आहे. सध्याच्या ५४३ जागांवर हा हिशेब केला, तर महिलांच्या १८१ जागा होतात, म्हणजे २०२४ मध्ये निवडून आलेल्या महिलांपेक्षा १०७ अधिक. मात्र दुरुस्तीच्या मूळ तरतुदीनुसार अंमलबजावणी जनगणना व त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेवर अवलंबून ठेवली गेली, राज्यसभा व विधान परिषदा वगळल्या गेल्या आणि इतर मागासवर्गीय महिलांसाठी वेगळा वाटा ठेवला गेला नाही. यांपैकी शेवटची उणीव अधिक गंभीर आहे. ती तशीच राहिली, तर राखीव जागांचा लाभ प्रस्थापित घराण्यांतील स्त्रियांनाच आधी मिळेल.