सध्याची नोकरी का सोडताय, आणि आमच्याकडेच का? चाकणच्या मुलाखतीतलं उत्तर

सर, मॅडम, आधी सोडण्याचं कारण सांगतो. भोसरीतल्या आत्ताच्या कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. डिप्लोमा करून आलो तेव्हा गेज हातात कसा धरायचा हे तिथेच शिकलो. नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची असते त्या पीपॅपची अख्खी फाइल त्यांनी माझ्याकडून करून घेतली, ग्राहकाच्या ऑडिटला मला पुढे उभं केलं. मी बदल शोधतोय हे माझ्या साहेबांनाही माहीत आहे.

प्रश्न कामाच्या हद्दीचा आहे. आमच्याकडे फक्त मशिनिंग होतं, ॲल्युमिनियमचं कास्टिंग बाहेरून येतं. मागे एका पंप बॉडीचं लीक टेस्टला रिजेक्शन वाढलं. पार्ट कापून पाहिला तर आत पोकळ्या. काही गोल आणि गुळगुळीत, म्हणजे अडकलेल्या हवेच्या. काही वेड्यावाकड्या, खरबरीत, म्हणजे धातू थंड होऊन आकसताना भर कमी पडल्याच्या. कास्टिंगचा वरचा घट्ट थर शाबूत असतो तोवर त्या झाकलेल्या राहतात. आमचं टूल तो थर काढतं आणि पार्ट गळायला लागतो. हवेच्या पोकळ्यांसाठी डायमधले व्हेंट आणि शॉटचा वेग बघावा लागतो, आकसण्यासाठी डायचं तापमान आणि शेवटी दिला जाणारा दाब. हे सगळं पुरवठादाराच्या शेडमध्ये. मी दोषाचा एट-डी अहवाल उघडायचो, मूळ कारणाचा रकाना ते भरायचे. त्यांनी सहकार्य केलं, रिजेक्शन खाली आलं. पण ते काम स्वतः करायची ओढ तेव्हापासून लागली, आणि आत्ताच्या ठिकाणी ते शक्य नाही.

म्हणून इथे अर्ज केला. आपल्याकडे डाय कास्टिंग आणि मशिनिंग एकाच आवारात आहे. लीक टेस्टला पार्ट पडला तर त्याच शिफ्टमध्ये डायपाशी जाऊन बोलता येईल. त्यात आपण इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरचं हाउसिंग करता. त्याच्या भिंतीत कूलंट फिरतं. तिथे आरपार पोकळी राहिली तर ते वाइंडिंगपर्यंत जाऊ शकतं. अशा पार्टवर क्वालिटीची जबाबदारी घ्यायला मला मनापासून आवडेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. डाय कास्टिंग मशीन मी स्वतः चालवलेलं नाही. सुरुवातीला डाय सेटरबरोबर तिन्ही शिफ्टला उभं राहायची माझी तयारी आहे. मापन, सीपीके, गेजचा अभ्यास, ग्राहकाशी पत्रव्यवहार हे मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळेन. पगारात वाढ व्हावी ही अपेक्षा आहेच. नोटीस दोन महिन्यांची आहे आणि ती मी पूर्ण करणार, कारण हातात एका नव्या पार्टचं पीपॅप सुरू आहे, ते अर्धवट टाकून येणार नाही.

मलाही एक विचारायचं होतं, सर. हाउसिंगचा एक्स-रे आपण प्रत्येक पार्टचा काढता, की सॅम्पलवर?