सरांच्या निधनानंतर काकूंना लिहिलेले सांत्वनपत्र

वडोदरा,
१४ जुलै २०२५

आदरणीय काकू,

सर गेल्याचे कळले तशी मी त्याच दिवशी घरी येऊन गेले. पण माणसांची ये-जा चालू होती, ताई मेडिकल कॉलेजच्या गाडीसाठी फोनवर होती, आणि तुमच्याजवळ बसून दोन वाक्ये बोलावीत अशी ती वेळ नव्हती. म्हणून हे पत्र लिहीत आहे. सर गेले याचे मला फार दुःख आहे, आणि तुमच्यावर काय कोसळले आहे याची मला पूर्ण कल्पना येऊ शकत नाही, हेही मी जाणते.

माझ्या घरी रोज देवापुढे दिवा लागतो हे तुम्हाला माहीत आहे. सरांनाही ते माहीत होते, आणि त्यांनी त्यावरून मला कधी टोकले नाही, कधी कमी लेखले नाही. तोच मान आज मला तुमच्या घराला द्यायचा आहे. सर आता कुठे असतील, हे कोणाच्या इच्छेने झाले असेल, यातले काहीही मी लिहिणार नाही. जे मी पाहिले आणि जे मला ठाऊक आहे, तेवढेच लिहिते.

त्या दिवशी दाराशी माझा हात धरून तुम्ही एकच वाक्य बोललात, "संध्याकाळीच डोके दुखते म्हणाले होते, मी तेव्हाच का नाही नेले?" तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या घरात घडलेल्या गोष्टीचा भार नशिबावर टाकायची रीत असते, तिथे हा प्रश्न निदान काही दिवस तरी गप्प बसतो. तुमच्या घरात ती रीत नाही, आणि म्हणून तो सगळा भार तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्याल अशी मला भीती वाटते. शाळेत आमच्या प्रयोगवहीत कोणी निरीक्षणाच्या रकान्यात निष्कर्ष लिहून ठेवला, तर सर लाल शाईने तो खोडायचे आणि म्हणायचे, जेव्हा जे दिसले तेव्हा तेवढेच लिही. त्या संध्याकाळच्या रकान्यात काय आहे, काकू? एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचे जुलैच्या उकाड्यात डोके दुखले, त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला आणि ते लवकर झोपायला गेले. यापलीकडे त्या रकान्यात काही नाही. रात्री जे कळले ते संध्याकाळी कोणालाच ठाऊक नव्हते, तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. मेंदूतला रक्तस्राव मोठा आणि खोलवर होता, शस्त्रक्रियेने उपयोग झाला नसता, असे डॉक्टरांनी स्कॅन पाहिल्यावर ताईला स्पष्ट सांगितले आहे. शुद्ध गेल्यानंतर त्यांना वेदना जाणवत नव्हत्या, असेही ते म्हणाले. हा प्रश्न रात्री पुन्हा येईल, कदाचित अनेक रात्री येईल. तो आला म्हणून तुमची चूक होती असे ठरत नाही. ज्या माणसाबरोबर बावन्न वर्षे काढली त्याला वाचवता आले नाही, हे मनाला मान्य होत नाही, म्हणून तो येतो.

नेत्रदान आणि देहदान यांबद्दल मला तुम्हाला वेगळे सांगायचे आहे. सरांनी फॉर्म भरून ठेवला होता हे खरे, पण माणूस गेल्यावर त्याच्या सहीने काहीच आपोआप घडत नाही. घरच्यांना त्या अवस्थेत फोन करावे लागतात, आणि नातेवाइकांच्या नजरा झेलत 'हो, आमची संमती आहे' असे म्हणावे लागते. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. त्या सहा तासांत बहुतेक घरांत नीट विचार करण्याचे बळही कोणाच्या अंगात नसते. तुम्ही ते केलेत. पुढच्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ "निदान अग्नी तरी" असे म्हणाले, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता "त्यांनी मला सांगून ठेवले आहे" एवढेच म्हणालात, ते मी दारातून ऐकले. सरांच्या डोळ्यांमुळे दोन माणसांना दृष्टी मिळू शकते, आणि बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची मुले मानवी शरीर त्यांच्याकडून शिकतील. ज्यांनी चौतीस वर्षे वर्गात शिकवले, त्यांनी निवृत्तीनंतरचा हा तास स्वतःच ठरवून ठेवला होता, आणि तो तुमच्यामुळे पार पडला. अस्थी कुठे विसर्जित केल्या असे कोणी विचारले, तर याहून अधिक उत्तर देण्याचे तुमच्यावर बंधन नाही.

असे विचारणारे पुष्कळ येतील. आपल्याकडे बेसणे नाही, दहावा-तेरावा नाही, हे लोकांना चमत्कारिक वाटेल. कोणी फोटोसमोर दिवा लावू का म्हणून विचारील, कोणी आत्म्याच्या शांतीबद्दल बोलेल, आणि शेजारच्या गुजराती बहेन रडत रडत जे म्हणतील त्यात भगवानचे नाव असणारच. त्यातले बहुतेक जण प्रेमाने येतील आणि त्यांच्याजवळ जे शब्द आहेत ते देतील. त्यांचे प्रेम घ्या, शब्द तिथेच राहू द्या. प्रत्येकाला समजावून सांगत बसण्याची शक्ती आज तुम्ही खर्च करू नये असे मला मनापासून वाटते. कोणी फारच आग्रह धरला, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. देव मानणाऱ्या बाईने सांगितलेले त्यांना कदाचित लवकर पटेल.

सरांची आठवण म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर कमाटीबागेतले म्युझियम येते. सातवीच्या प्रत्येक वर्गाला ते तिथे नेत असत, आणि बाकीची मुले ममीकडे धावत तेव्हा ते आम्हाला निळ्या देवमाशाच्या सांगाड्याजवळ थांबवून ठेवत. सत्तर फुटांहून लांब तो सांगाडा आधी आम्ही पावलांनी मोजायचा. मग सर म्हणायचे, "आता स्वतःचा हात चाचपा. दंडात हाडे किती? एक. कोपरापासून मनगटापर्यंत? दोन. पुढे? पुष्कळ बारीक. आता याच्या परात बघा." आम्ही माना वर करून बघायचो, आणि तिथे एक, मग दोन, मग बोटांसारखी पुष्कळ हाडे दिसायची. मी माझ्या उजव्या हाताच्या मनगटावर डाव्या हाताची बोटे ठेवून कितीतरी वेळ उभी होते. समुद्रातल्या त्या प्रचंड प्राण्याचे आणि आपले नाते आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते, मी ते हाताने चाचपून घेतले होते. सरांची शिकवण्याची रीतच ती होती. पुढे मी विज्ञानाकडे न जाता बँकेत गेले, पण समोर आलेला आकडा खरा मानण्यापूर्वी एकदा स्वतः तपासायचा, हे त्या दिवशी अंगी लागले ते आजवर सुटलेले नाही. आमच्या बॅचमध्ये असे कितीतरी जण आहेत. परवा फोनवर त्यांच्याशी बोलताना प्रत्येकाला त्या परातली हाडे आठवत होती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, जी कदाचित सरांनी घरी सांगितली नसेल. मी नववीत असताना माझे बाबा गेले. आमच्या दांडिया बाजारच्या घरी सर आले, माझ्याशेजारी सतरंजीवर बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांना आता कसलाही त्रास नाही. त्रास तुला होतो आहे, आणि तो खरा आहे. तो लपवायची गरज नाही." त्या दिवसांत मला शेकडो माणसांनी धीर दिला असेल, मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या असतील, पण चौदा वर्षांच्या मुलीला रडण्याची मोकळीक त्या तीन वाक्यांनी दिली. मी श्रद्धाळू होते आणि आहे; तरीही ती वाक्ये मला परकी वाटली नाहीत. आज ती मी तुम्हाला परत देते. सरांना आता कसलाही त्रास नाही, काकू. त्रास तुम्हाला होतो आहे, आणि तो खरा आहे.

तेरा दिवसांच्या विधींमध्ये घरच्या माणसांना निदान हाताला काम असते आणि रोज कोणीतरी यायचे हे ठरलेले असते. तुमच्याकडे तसे काही ठरलेले नाही, आणि ताई महिनाअखेरीस पुण्याला परत गेली की घर एकदम रिकामे वाटेल. म्हणून एक सुचवते, मनाला आले तरच करा. आम्ही जुने विद्यार्थी एका रविवारी सकाळी तुमच्या घरी येऊ. भाषणे नाहीत, हार नाहीत. प्रत्येकाने सरांची एकेक गोष्ट सांगायची आणि तुम्हाला वाटले तर तुम्हीही सांगायची. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी गल्लीत शिरले, तेव्हा खालच्या तीन घरांतली माणसे तुमच्या वरच्या मजल्यावर राहिली होती, त्यांनाही बोलवू. आत्ता नको वाटले तर दोन महिन्यांनी करू, किंवा मुळीच करणार नाही.

कागदपत्रांचे काम मात्र तुम्ही माझ्यावर सोपवा, कारण ते माझ्या रोजच्या कामातले आहे. मृत्यू रुग्णालयात झाला असल्याने नोंद त्यांच्याकडूनच महानगरपालिकेत जाते. दाखला आपल्याला आणावा लागेल. त्यावरचे सरांचे नाव पेन्शनच्या पुस्तकातल्या नावाशी अक्षरन्‌ अक्षर जुळते की नाही हे आधी पाहायला हवे, नाहीतर कुटुंब निवृत्तिवेतन अडकून बसते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घेऊ. सरांची पेन्शन ज्या खात्यात येते ते तुमच्या दोघांच्या नावावर आहे ना, एवढे ताईला पाहून ठेवायला सांगा, आणि बँकेचा कोणताही कागद मला दाखवल्याशिवाय सही करून देऊ नका. त्यांची कपाटे, पुस्तके, टेबलावरचा चष्मा यांतले काहीही आवरण्याची घाई नाही. कोणी आवरायला सांगितले तरी नाही.

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी येते. जेवणाचा डबा आणीन, भात आणि वरण एवढेच, तिखट काही नाही. तुम्हाला बोलावेसे वाटले तर बोलू, नाहीतर मी स्वयंपाकघरात डबा ठेवून, पेन्शनचे पुस्तक घेऊन परत जाईन, आणि त्याचे मला जरासुद्धा वाईट वाटणार नाही. त्यानंतरही दर मंगळवारी येत जाईन. नको असेल त्या दिवशी ताईकडून किंवा स्वतः फोनवर 'आज नको' एवढेच कळवा. या पत्राला उत्तर लिहू नका.

तुमची,
मीनल