अ‍ॅड. ऋजुता विलास सावरगावकर : रेझ्युमे

कोथरूड, पुणे | rujuta.savargaonkar@example.com | एप्रिल २०२५

अर्ज: ज्युनियर असोसिएट, दिवाणी व वाणिज्यिक वाद

वकिलीला नव्याने सुरुवात. खरे बळ मसुद्यात: दावा, कैफियत, नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि टायटल रिपोर्ट. मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत थेट मसुदा करते, एकीतून दुसरीत उतरवत नाही. जिल्हा न्यायालयातली मराठी कैफियत आणि लवादासमोरचे इंग्रजी निवेदन यांची वाक्यरचना मुळातच वेगळी असते.

सनद व शिक्षण

महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, ऑक्टोबर २०२४. डिसेंबर २०२४ ची अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण. बी.ए. एल.एल.बी. (पाच वर्षे), आय.एल.एस. विधि महाविद्यालय, पुणे, २०१९–२०२४, सीजीपीए ७.८. लवाद, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा या तीन विषयांत वर्गात पहिल्या दहांत.

मसुदालेखन

खालील संख्या मी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यांची आहे. प्रत्येक मसुदा सिनियरांनी तपासून सहीने दाखल केला. पक्षकारांची नावे गोपनीयतेमुळे दिलेली नाहीत.

*कैफियती: ४ (पैकी २ वाणिज्यिक दाव्यांत).* सर्वांत मोठी कैफियत ६१ परिच्छेदांच्या दाव्याला होती, यंत्रसामग्रीच्या थकीत रकमेबाबत. आधी तीन रकान्यांचा तक्ता केला: दाव्यातले विधान, आमचे म्हणणे, आधाराचा दस्तऐवज. तक्ता पूर्ण झाल्यावरच लेखनाला हात घातला. "दाव्यातील मजकूर खरा नाही, सबब नाकबूल" एवढ्यावर भागवलेले विधान आदेश ८ नियम ५ खाली कबूल धरले जाऊ शकते. वाणिज्यिक दाव्यात तर नियम ३अ प्रमाणे नकाराचे कारण आणि आपली हकीकतही द्यावी लागते. तक्त्यामुळे १७ विधाने अशी सापडली जी नाकारण्यात अर्थ नव्हता (पत्ते, ऑर्डरच्या तारखा, पोच झालेली चलने). ती सरळ मान्य केली आणि वाद मालाच्या दोषापुरता ठेवला. कागद आमच्याकडे आले तेव्हा समन्स बजावून ७० दिवस झाले होते, कैफियत ९४ व्या दिवशी दाखल झाली. ३० दिवसांनंतरच्या विलंबासाठी कारणांसह अर्ज व खर्चाची तयारी सोबत ठेवली. १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो, म्हणून बजावणीची तारीख पक्षकाराच्या सांगण्यावरून न घेता बेलिफाच्या अहवालावरून घेतली. दोन्हींत सहा दिवसांचा फरक निघाला.

*दावे: २, सोबत निशाणी ५ चे मनाई अर्ज.* वाणिज्यिक दाव्यात तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर कलम १२अ ची दाखलपूर्व मध्यस्थी सक्तीची आहे. *पाटील ऑटोमेशन* (२०२२) नंतर त्यावर वाद उरलेला नाही. निव्वळ मध्यस्थी टाळण्यासाठी मनाई अर्ज जोडण्याचा पक्षकाराचा आग्रह होता. तातडीला आधार नव्हता हे दाखवणारी दोन पानी टिपण मी तयार केली आणि दावा मध्यस्थीला गेला.

*धनादेश न वटल्याच्या नोटिसा: ९, फिर्यादी: ५.* प्रत्येक प्रकरणाला तारखांचे एक पान: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पैशासाठी १५ दिवस, पुढे एक महिन्यात फिर्याद. नोटिशीत धनादेशाची रक्कम स्वतंत्र लिहिली, व्याज व खर्च वेगळ्या परिच्छेदात. सगळे एका आकड्यात मिसळले की नोटीसच सदोष ठरण्याचा धोका असतो.

*टायटल रिपोर्ट: ६ (मुळशी, हवेली, खेड तालुके).* ३० वर्षांचा सूची २ चा शोध, सातबारा, आठ-अ आणि सर्व फेरफार. एका गटाच्या इतर हक्काच्या रकान्यात कूळ कायदा कलम ४३ ची नोंद होती. ताज्या सातबाऱ्यावर ती ठळक दिसत नव्हती, मूळ फेरफार मागवल्यावर स्पष्ट झाली. विक्रीला परवानगी लागेल हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले, कारण खरेदीदार शेवटचे पान क्वचितच वाचतो.

*इतर:* लिव्ह अँड लायसन्स करार ११, सर्व नोंदणीकृत.

इंटर्नशिप

वाणिज्यिक वादांची लॉ फर्म, फोर्ट, मुंबई (जुलै–डिसेंबर २०२४, पदवीनंतर पूर्णवेळ). वर उल्लेखलेल्या दोन्ही वाणिज्यिक कैफियती व एक दावा इथले. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ ला लागू झाल्यावर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा फर्मचा नमुना कलम ६३(४) प्रमाणे नव्याने केला: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश व्हॅल्यू. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणणाऱ्या पक्षकारांना मूळ फोन जपून ठेवायला सांगणारी मराठी सूचनाही लिहिली. फोन बदलला की प्रमाणपत्र देणेच अवघड होते.

दिवाणी वकिलांचे चेंबर, शिवाजीनगर, पुणे (जून–ऑगस्ट २०२२ आणि मे–जून २०२३). रोजनामे काढणे, बोर्ड पाहणे, दस्तऐवज यादी लावणे. उलटतपासाच्या तयारीसाठी साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र व दाव्यातील विसंगतींचे तक्ते, ७ प्रकरणांत. टायटल रिपोर्ट व धनादेशाची बहुतेक कामे इथली.

पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (डिसेंबर २०२१, चार आठवडे). अर्जदारांची तोंडी हकीकत ऐकून एका पानाचे निवेदन.

मूट कोर्ट

राष्ट्रीय मूट कोर्ट स्पर्धा, विषय वाणिज्यिक लवाद (मुंबई, जानेवारी २०२४). पहिली वक्ता व मेमोरियलची मुख्य लेखिका. उपांत्यपूर्व फेरी, मेमोरियलला दुसरा क्रमांक. प्रश्न असा: करारावर सही नसलेली मूळ कंपनी लवादाला बांधील आहे का? मेमोरियल निम्मे झाले असताना *कॉक्स अँड किंग्ज* चा पाच न्यायमूर्तींचा निकाल आला (६ डिसेंबर २०२३). आमचा युक्तिवाद कलम ८ मधल्या "थ्रू ऑर अंडर" वर उभा होता, निकालाने तो पायाच काढला आणि आधार कलम २(१)(ह) व कलम ७ मध्ये ठेवला. तो भाग ११ दिवसांत पुन्हा लिहिला. उपांत्यपूर्व फेरीत गुण गेले ते तथ्यांवर: मूळ कंपनीने करार पार पाडण्यात नेमके काय केले, याला मी निकालांनी उत्तर दिले, नोंदीतल्या पानाने नाही. तेव्हापासून प्रत्येक सुनावणीच्या तयारीत पानक्रमांकांसह तथ्यांचे वेगळे पान असते. फर्मच्या कामातही तेच वापरले.

महाविद्यालयांतर्गत मूट (२०२२), अंतिम फेरी. २०२३ मध्ये कनिष्ठ वर्गांसाठी मूट प्रश्न व बेंच मेमो तयार केला.

भाषा व साधने

मराठी, इंग्रजी, हिंदी. मोडी वाचते, जुने फेरफार व खरेदीखते पाहताना उपयोगी पडते. मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये. ई-फायलिंग, ई-कोर्ट्स, महाभूलेख, महारेरा संकेतस्थळ आणि एससीसी ऑनलाइन नियमित वापरते.

रुजू होणे व सोबतचे कागद

२ मे २०२५ पासून रुजू होता येईल. पुणे किंवा मुंबई, दोन्ही चालेल. सोबत सनद व बार परीक्षा प्रमाणपत्राच्या प्रती, गुणपत्रके, मेमोरियल, आणि नावे-रकमा झाकलेले तीन मसुदे जोडले आहेत: एक मराठी कैफियत, एक इंग्रजी कैफियत, एक टायटल रिपोर्ट. झाकलेल्या प्रती देण्यास संबंधित सिनियरांची लेखी परवानगी घेतली आहे. मराठी कैफियतीवर सिनियरांच्या लाल शाईतल्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांचे व फोर्टमधील फर्मच्या पार्टनरांचे संपर्क मुलाखतीच्या वेळी देईन.